भागधारकाचा परतावा कोण ठरवतो?

कंपनीने बँकेकडून कर्ज घेतलं की व्याजाचा दर करारात लिहिलेला असतो. भागधारकाने गुंतवलेल्या पैशाला असा कुठलाच करार नसतो. तो किती परताव्याच्या आशेने शेअर धरून बसला आहे, हे त्याने कुठे लिहून दिलेलं नसतं. तरीही एका धंद्यात हा आकडा दशांशापर्यंत ठरवावाच लागतो. तो धंदा म्हणजे वीज वाहून नेण्याचा. तिथे स्पर्धा नाही, दर नियामक ठरवतो आणि त्या दरात मालकांच्या भांडवलावरचा परतावाही धरलेला असतो.

अमेरिकेत मध्य-पश्चिमेपासून दक्षिणेपर्यंत पंधरा राज्यांत पसरलेलं ‘मायसो’ नावाचं वीजजाळं आहे. त्यातल्या पारेषण कंपन्यांना भागभांडवलावर 12.38 टक्के परतावा मंजूर होता. नोव्हेंबर 2013 मध्ये मोठ्या औद्योगिक वीजग्राहकांनी तक्रार केली की हा दर फार आहे. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने 2016 मध्ये तो 10.32 वर आणला, 2019 मध्ये 9.88 केला आणि 2020 मध्ये परत 10.02 केला. 2022 मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 9.98 टक्के हा आकडा आला. या सगळ्या वर्षांत वाद मुख्यतः मोजण्याच्या रीतीचा होता. 2019 पासून ज्या दोन रीती प्रत्येक हिशेबात राहिल्या, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

पहिली रीत मायरन गॉर्डन आणि एली शापिरो यांनी 1956 मध्ये मांडली. शेअरचा आजचा भाव म्हणजे पुढे मिळणाऱ्या सगळ्या लाभांशांची आजची किंमत, हा तिचा पाया. लाभांश दरवर्षी एकाच गतीने वाढत जाईल असं धरलं, तर ही लांबलचक बेरीज एका ओळीत मावते:

परतावा = (पुढील वर्षाचा लाभांश ÷ आजचा भाव) + लाभांशवाढीचा दर

एक काल्पनिक वीजकंपनी घेऊ. शेअरचा भाव 60 डॉलर, पुढच्या वर्षी अपेक्षित लाभांश 2.40 डॉलर. म्हणजे लाभांशाचा उतारा 4 टक्के. विश्लेषक म्हणतात, वाढ 6 टक्क्यांनी होईल. बेरीज 10 टक्के. बाजाराने 60 डॉलर मोजले याचा अर्थ, 6 टक्के वाढीवर त्याचा विश्वास असेल, तर तो 10 टक्के परताव्यावर समाधानी आहे. हा दर कुणी सांगितलेला नाही, भावातच दडलेला होता. इथे लाभांश पुढच्या वर्षाचाच घ्यायचा. गेल्या वर्षाचा घेतला तर उत्तर कमी येतं आणि त्यात एखादा विशेष लाभांश मिसळलेला असला तर भलतंच जास्त.

चारचा आकडा बाजारातून आला, त्यावर वाद होत नाही. सगळा वाद सहावर. विश्लेषकांचे अंदाज तीन ते पाच वर्षांपुरते असतात, सूत्राला मात्र कायमची वाढ हवी असते. एखादी कंपनी अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने कायम वाढत राहिली तर कधी तरी ती अख्ख्या अर्थव्यवस्थेहून मोठी व्हायला हवी, आणि ते शक्य नाही. म्हणून आयोगाने 2020 पर्यंत विश्लेषकांच्या अंदाजाला दोन तृतीयांश आणि देशाच्या दीर्घकालीन उत्पन्नवाढीला एक तृतीयांश वजन दिलं होतं. आपल्या कंपनीसाठी ही दुसरी वाढ 4.2 टक्के धरली, तर मिश्र दर 5.4 होतो आणि परतावा 9.4 टक्के. नुसत्या वजनाने सहा दशांश टक्के गळले. शंभर कोटी डॉलरच्या भागभांडवलावर हे वर्षाला साठ लाख डॉलर होतात आणि ते ग्राहकांच्या बिलातून येतात किंवा वाचतात.

दुसरी रीत कॅपिटल अ‍ॅसेट प्रायसिंग मॉडेलची, बोलण्यात ‘कॅपम’. विल्यम शार्प यांनी ती 1964 मध्ये मांडली. ती लाभांशाकडे पाहतच नाही. सरकारी रोख्यावर बिनघोर मिळतं तेवढं आधी घ्या. मग संपूर्ण शेअरबाजार त्यावर जो जादा परतावा देतो, त्याला या शेअरच्या बीटाने गुणून त्यात मिळवा. बाजार एक टक्का हलला की हा शेअर साधारण किती हलतो, ते बीटा सांगतो. वीजकंपन्यांचा बीटा सहसा एकाहून कमी असतो, कारण मंदीतही दिवे लागतातच. तीस वर्षांच्या रोख्यावर 3 टक्के, बाजाराचा जादा परतावा 9 टक्के आणि बीटा 0.75 धरला तर उत्तर 9.75 टक्के येतं.

आता आपल्यापुढे 9.4 आणि 9.75 आहेत. मला इथे सरासरीची घाई करण्याआधी एक उलटा हिशेब करावासा वाटतो. कॅपमचा आकडा खरा मानला, तर 60 डॉलरच्या भावात बाजार किती वाढ धरून चालला आहे? 9.75 मधून 4 वजा केले की 5.75 टक्के. ही वाढ विश्लेषकांच्या सहापेक्षा थोडी कमी आणि आयोगाच्या मिश्र 5.4 पेक्षा थोडी जास्त. म्हणजे दोन्ही रीती एकमेकींच्या जवळच आहेत. हाच हिशेब 9 टक्के वाढ मागत असता, तर बीटा चुकला, बाजाराचा जादा परतावा फुगवला गेला किंवा लाभांश तात्पुरता दबलेला आहे, यातलं काहीतरी शोधावं लागलं असतं.

या दोन रीती एकमेकींच्या स्वतंत्र साक्षीदार आहेत असं मात्र समजू नये. कॅपममधला ‘बाजाराचा जादा परतावा’ येतो कुठून? अमेरिकन आयोग एस अँड पी 500 मधल्या लाभांश देणाऱ्या कंपन्यांवर तीच पहिली रीत चालवतो, आलेल्या परताव्यातून सरकारी रोख्याचा दर वजा करतो आणि उरलेला आकडा कॅपममध्ये टाकतो. विश्लेषकांचे वाढीचे अंदाज सरसकट आशावादी असतील, तर तो आशावाद दोन्ही उत्तरांत शिरतो. दोन आकडे जुळले म्हणून खात्री पटवून घेणाऱ्याने हे आधी पाहावं.

त्या जुळण्यालाही काळ साथ देतो किंवा देत नाही. व्याजदर घसरले की उत्पन्नाच्या शोधातले लोक लाभांश देणाऱ्या वीजकंपन्यांचे शेअर घेतात आणि भाव चढतो. आपल्या कंपनीचा भाव 60 वरून 75 झाला, लाभांश तोच राहिला, तर उतारा 3.2 टक्क्यांवर येतो आणि 9.4 चे 8.6 होतात. धंद्यात काहीच बदललेलं नसतं. 2008 च्या संकटानंतर हेच घडत होतं. बाजाराची स्थिती असाधारण आहे असं म्हणत आयोगाने 2014 मध्ये न्यू इंग्लंडच्या एका खटल्यात आलेल्या पट्ट्याचा मध्य न घेता वरचा भाग निवडला. पुढे न्यायालयाने त्या निवडीची कारणं अपुरी ठरवली. एकाच रीतीवर विसंबणं सोडून दोन रीतींची सरासरी काढायचं आयोगाने 2019 मध्ये ठरवलं, त्यामागे हा अनुभव होता. 2020 मध्ये त्याने आणखी एक तिसरी रीत मिसळली आणि न्यायालयाने नेमकी तीच नाकारली, कारण ती आधी फेटाळून पुन्हा का घेतली याचं पटणारं उत्तर आयोगाकडे नव्हतं.

भारतात केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2009 पासून औष्णिक प्रकल्पांसाठी मूळ दर 15.5 टक्केच ठेवला आहे. तो दर पाच वर्षांच्या नियमांतून येतो, प्रत्येक खटल्यात भावातून मोजला जात नाही. कंपन्यांना त्यामुळे स्थैर्य मिळतं. पण रोख्यांचे दर या काळात बरेच वरखाली झाले आणि 15.5 जागचा हलला नाही. अमेरिकन रीतीत भाव चढला की परतावा खाली येतो, आपल्याकडे मंजूर दर तसाच राहतो आणि चढलेल्या भावाचा फायदा आधीपासून शेअर असणाऱ्याला होतो. वरचं सूत्र कुठल्याही सूचीबद्ध वीजकंपनीच्या ताज्या भावावर, पुढच्या लाभांशावर आणि टिकण्याजोग्या वाढीवर चालवून पाहिलं, तर बाजार किती परताव्यावर खूश आहे आणि नियामक किती देतो आहे, यातलं अंतर कुणालाही काढता येईल.