वीस मिनिटांचं औषध, पाच मिनिटांचं औषध

लहान मुलाची आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, की ती आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते. डॉक्टर तिला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. रुग्णालयात पहिलं औषध लोराझेपाम किंवा मिडाझोलाम. साधारण पाच मिनिटांच्या अंतराने दोन मात्रा देऊनही झटके चालूच राहिले, तर शिरेतून ‘लोडिंग डोस’ देतात, म्हणजे रक्तातली औषधाची पातळी एकदम वर नेणारी मोठी पहिली मात्रा.

समजा, मूल १५ किलोचं आहे. फेनिटॉइन किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅम लागेल. १०० मिलिग्रॅमच्या तीन अँप्यूल, एकूण ६ मिलिलिटर. ते नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून ३० मिलिलिटर करतात आणि सिरिंज पंपाने २० मिनिटांत देतात. पंपावर आकडा येतो ताशी ९० मिलिलिटर. किलोला मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा वेग वाढवायचा नाही.

झटके चालू असताना वीस मिनिटं थांबायचं, हे आईबापांना क्रूर वाटतं. पण फेनिटॉइन मेंदूतल्या पेशींचे सोडियमचे मार्ग रोखतं, तसेच हृदयातलेही. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रावकात ठेवलेलं असतं आणि तेही रक्तदाब पाडतं. घाई केली तर नाडी मंदावते, म्हणून मॉनिटरवर नजर ठेवावी लागते. रक्तदाब घसरला तर पंप हळू करतात किंवा थांबवतात. ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळलं तर त्याचे स्फटिक होतात. शिरेबाहेर गळलं तर हात सुजतो, काळानिळा पडतो.

लेव्हेटिरासेटामला ही भीती फारशी नाही. किलोला ४० मिलिग्रॅम, म्हणजे याच मुलाला ६०० मिलिग्रॅम, पाच मिनिटांत जातं. काही ठिकाणी किलोला ६० देतात, म्हणजे ९००.

मग तेच सरस का नाही? २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनच्या ‘इक्लिप्स’ चाचणीत २८६ मुलं होती. आकडी थांबायला लेव्हेटिरासेटामने मध्यक ३५ मिनिटं लागली, फेनिटॉइनने ४५. पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मला तरी सोपेपणाचं पारडं जड वाटतं. मूल आधीच रोज फेनिटॉइन घेत असेल, तर दुसरं औषध निवडणंच शहाणपणाचं.

या सगळ्या हिशेबाचा पाया वजन. धावपळीत काटा हाताशी नसतो, तेव्हा वयात चार मिळवून दुप्पट करतात. चार वर्षांच्या मुलाचे १६ किलो होतात. अंदाज अंदाजच. आईला नुकतंच केलेलं वजन आठवत असेल तर ते आधी सांगावं आणि रोजच्या औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. लोडिंग डोस संपूनही झटके थांबले नाहीत, तर उरलेलं दुसरं औषध देतात. तेही फसलं की अतिदक्षता विभागात भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात.