दंडव्याज ३२२ रुपये, मग ५,५०४ गेले कुठे? कर्जाचं स्टेटमेंट असं वाचा

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "हप्ता चार दिवस उशिरा भरला तर असा कितीसा फरक पडतो?" तर आज एका खऱ्या धर्तीच्या हिशोबातून ते बघू. दुकान पनवेलचं, उरण नाक्याच्या बाजूचं, घरगुती सामानाचं. नाव बाजूला ठेवतो आणि आकडे समजायला सोपे करून घेतो.

डिसेंबर २०२४ मध्ये एका फायनान्स कंपनीकडून ५ लाखांचं बिझनेस लोन घेतलं. व्याज १८ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता १८,०७६ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात चार हप्ते चुकले. जुलैचा ९ दिवस उशिरा भरला, सप्टेंबरचा १२, ऑक्टोबरचा २ आणि जानेवारीचा ४. सगळे मिळून २७ दिवस. मालकाच्या डोक्यात एकच गोष्ट होती, "दंडव्याज लागलं असेल थोडंफार."

हिशोबाला दोन कागद लागतात आणि इथेच बहुतेक जण अर्धवट राहतात. पहिला कागद म्हणजे कर्ज देणाऱ्याकडचं `Statement of Account`. कंपनीच्या ॲपमध्ये ते मिळतं. `Repayment Schedule` उघडू नका, त्यात फक्त ठरलेले हप्ते असतात, दंड दिसत नाही. दुसरा कागद म्हणजे ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्या खात्याचं बँक स्टेटमेंट. कारण हप्ता परत गेला की दोघं पैसे घेतात: कर्ज देणारा बाउन्स चार्ज लावतो आणि तुमची स्वतःची बँकही हप्ता परत केल्याचा चार्ज कापते. हा दुसरा चार्ज कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये कधीच दिसणार नाही.

आता एका शीटमध्ये तीनच रकाने करा: तारीख, प्रकार, रक्कम. हप्ता, मुद्दल, नेहमीचं व्याज सोडून जी जी डेबिट एंट्री दिसेल ती उतरवा. उशिराच्या दिवसांचं नेहमीच्या दराचं व्याज वेगळं दिसत असेल तर ते दंडात धरू नका, पैसे वापरले त्याचं ते भाडं आहे. आपल्या दुकानदाराच्या शीटमध्ये काय आलं बघा. कंपनीचे बाउन्स चार्ज ५०० रुपयांप्रमाणे ६ वेळा, म्हणजे ३,०००. बँकेचे चार्ज जीएसटीसकट २९५ प्रमाणे ६ वेळा, म्हणजे १,७७०. पीनल चार्ज ३२२. त्यावर जीएसटी ५८. शिवाय सप्टेंबरमध्ये एक 'कलेक्शन चार्ज' ३५४. बेरीज ५,५०४ रुपये.

ज्या दंडव्याजाची भीती, ते फक्त ३२२! बाकी सगळा खर्च ठोक चार्जेसचा. म्हणजे उशीर किती दिवसांचा यापेक्षा हप्ता किती वेळा परत गेला, हे महत्त्वाचं.

पण थांबा, हप्ते चुकले चार आणि बाउन्स सहा कसे? जुलै आणि सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा हप्ता परत गेल्यावर कंपनीने काही दिवसांनी तो पुन्हा खात्यावर पाठवला. खात्यात तेव्हाही पैसे नव्हते. पुन्हा ५०० आणि पुन्हा २९५. दोन महिन्यांचे मिळून १,५९० रुपये निव्वळ या दुसऱ्या फेरीचे. हप्ता परत गेल्याचा मेसेज आला की लगेच कंपनीला फोन करा, पैसे कोणत्या तारखेला भरणार ते सांगा, आणि तोपर्यंत पुन्हा पाठवू नका असं ईमेलवरही लिहा. किंवा पैसे जमले की ॲपमधून थेट भरून पावती ठेवा.

ऑक्टोबरचं प्रकरण तर मला सगळ्यात जास्त खटकतं. ५ ऑक्टोबर २०२५ ला रविवार होता. मालक म्हणतो, "रविवारी बँक बंद, सोमवारी भरू." पैसे गल्ल्यात होते! पण १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते कापणारी नॅच यंत्रणा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. या गैरसमजाची किंमत ८२३ रुपये. आणि जानेवारीत खात्यात १७,९०० होते, १७६ रुपये कमी. नॅच अर्धा हप्ता कापत नाही, पूर्ण रक्कम नसेल तर सरळ परत. गेले ८५२.

आता तपासणी. पीनल चार्ज बरोबर लावलाय का? करारात महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के लिहिलं होतं. सप्टेंबरचे १२ दिवस शीटमध्ये असे टाका:

```
=ROUND(18076*24%*12/365,0)
```

उत्तर १४३. स्टेटमेंटमध्येही १४३, म्हणजे ठीक. यापेक्षा जास्त आलं तर दंड कशावर लावलाय ते विचारा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलंय की दंड व्याजदरात मिसळायचा नाही, तो वेगळा 'पीनल चार्ज' म्हणून दाखवायचा आणि त्या चार्जवर पुन्हा व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. स्टेटमेंटमध्ये अजून 'पीनल इंटरेस्ट' दिसत असेल, किंवा दंड मुद्दलात जोडल्यासारखी बाकी वाढली असेल, तर तिथे बोट ठेवा.

त्या ५८ रुपयांच्या जीएसटीवरही बोट ठेवायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालच्या बँका-फायनान्स कंपन्यांनी घेतलेल्या पीनल चार्जवर जीएसटी लागत नाही, असं जानेवारी २०२५ च्या सरकारी परिपत्रकात स्पष्ट केलंय. रक्कम छोटी आहे, पण मागा. आणि ३५४ चा कलेक्शन चार्ज? त्या महिन्यात दुकानात कोणी आलंच नव्हतं. कोणत्या तारखेला कोण आलं आणि करारात हा चार्ज कुठे लिहिलाय, एवढंच लेखी विचारायचं.

म्हणजे बघा, दुसऱ्या फेरीचे १,५९०, ऑक्टोबर-जानेवारीचे १,६७५ आणि परत मागायचे ३९९ (ऑक्टोबर-जानेवारीचा जीएसटी वर आधीच धरलाय). एकूण ३,६६४ रुपये धंदा एका पैशाने न वाढवता वाचले असते. उरले १,८४०. ते जुलै आणि सप्टेंबरच्या खऱ्या पैशाच्या तुटवड्याचे. पावसात गिऱ्हाईक कमी, आणि गणपतीत माल भरून पैसा अडकलेला. इथे उपाय वेगळा आहे. हप्त्याची तारीख ५ वरून १५ करून मिळते का आणि त्याची फी किती, ते विचारा. नाहीतर तेवढ्या दिवसांपुरती उसनवारी. सप्टेंबरचे १८,०७६ रुपये कोणाकडून १२ दिवसांसाठी २४ टक्क्यांनी घेतले असते तरी १४३ रुपये लागले असते. त्या महिन्यात पहिल्या बाउन्सचेच दंडासकट ९३८ गेले.

एक गोष्ट राहू देऊ नका. हप्ता परत गेल्यावर पुष्कळ जण फक्त १८,०७६ भरतात आणि चार्जेस तसेच राहतात. काही करारांत आलेले पैसे आधी चार्जेसमध्ये वळवतात, मग हप्ताच ५०० रुपयांनी अपुरा दिसतो आणि त्यावर पुन्हा दंड सुरू होतो. नाहीतर ते सगळं साचून एनओसी मागायला गेल्यावर समोर येतं. म्हणून भरताना थकीत चार्जेस किती ते बघूनच भरा. वाद असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. सोबत तुमची तीन रकान्यांची शीट आणि दोन्ही स्टेटमेंट जोडा.