प्रशिक्षणास हजर होण्याविषयीच्या सूचना व त्यांचा अर्थ

प्रशिक्षणाचा आदेश शाळेत येतो तेव्हा बहुतेक शिक्षकबंधू व भगिनी त्यातील दोनच गोष्टी पाहतात : यादीत आपले नाव आणि वर्गाची तारीख. आदेशासोबत जोडलेले सूचनांचे पान मात्र घडी घालून खिशात जाते व प्रशिक्षणस्थळी पोहोचल्यावरच उघडले जाते. तोवर उशीर झालेला असतो, कारण त्या पानावरील निम्म्या सूचना शाळेत असतानाच पाळावयाच्या असतात. प्रस्तुत लेखात पाच दिवसांचे एक प्रशिक्षण उदाहरणादाखल घेऊन त्या सूचनांचा अर्थ सांगण्याचा विचार आहे. विषय पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, स्थळ जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आणि शिक्षक आष्टी तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेचे, असे धरून चालू.

प्रथम स्थळाविषयी. ‘जिल्हा’ हा शब्द वाचून नवे शिक्षक बीड शहर गाठतात व तेथे चौकशी करीत फिरतात. आपल्या जिल्ह्याची ही संस्था बीडला नसून अंबाजोगाईस आहे. आष्टी जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, तर अंबाजोगाई पूर्वेकडे. पाटोदा, मांजरसुंबा व केज या मार्गाने हे अंतर एस.टी.ने कापण्यास बहुतेक सारा दिवस जातो. अंबाजोगाईस रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक परळी वैजनाथ, आणि तेही आष्टीकरांच्या उपयोगाचे नाही. तेव्हा नोंदणी सकाळी ९ वाजता असेल, तर आमच्या या शिक्षकाने आदल्या दिवशी दुपारपूर्वीच निघावयास हवे. ‘निवासी’ की ‘अनिवासी’ हा शब्दही याच वेळी पाहून ठेवावा. अनिवासी वर्गास आलेल्यांची राहण्याची सोय संस्था करीलच असे नाही. तान्हे मूल सोबत आणावे लागणाऱ्या भगिनींनी तसे आधी लेखी कळवावे, म्हणजे खोलीचा व मुलास सांभाळणाऱ्या सोबतिणीचा विचार वेळेत करता येतो. दारात उभे राहून केलेली विनंती कोणी नाकारीत नाही, पण तोवर खोल्या वाटून झालेल्या असतात.

आता शाळा सोडण्यापूर्वीची कामे. कार्यमुक्तीचे पत्र मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे. ज्या शिक्षकाकडेच मुख्याध्यापकपदाचा कार्यभार आहे त्याने केंद्रप्रमुखांना वेळेत कळवून पर्यायी व्यवस्था मागावी. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक गेला की उरलेल्या एकावर साऱ्या इयत्ता येतात. त्याच्या हाती हजेरीपत्रक, शालेय पोषण आहाराची नोंदवही व धान्यकोठीची किल्ली मोजून द्यावी. धान्याचा त्या दिवशीचा शिल्लक साठा दोघांनी मिळून वजन करून लिहावा. हे न केल्यास पाच दिवसांनी वही व कोठी यांचा मेळ बसत नाही, आणि चूक कोणाची याचा निवाडा कोणासच करता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात याहून जोखमीची एक गोष्ट आहे, आणि छापील सूचनांत ती सहसा नसते. प्रशिक्षण दसरा-दिवाळीच्या सुमारास आले, तर त्याच पंधरवड्यात ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडतात. शिक्षक अंबाजोगाईत असताना गाड्या भरल्या जातात आणि तो परत येतो तेव्हा वर्गातील काही मुले कारखान्याच्या वाटेवर असतात. म्हणून निघण्यापूर्वी कोणती कुटुंबे जाणार, त्यांतील कोणते मूल आजीआजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहात जेवू शकेल, व कोणास सोबत शिक्षण हमी पत्र द्यावे लागेल, ही यादी सहकाऱ्याजवळ लिहून ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यासही ती दाखवावी. सहकाऱ्याला ती मुले नावाने ठाऊक असतात, पण कोणाचा बाप कोणत्या मुकादमाच्या टोळीत आहे हे बहुधा वर्गशिक्षकालाच माहीत असते.

साहित्याच्या सूचनेत वही, लेखणी, ओळखपत्र, आदेशाची प्रत, शाळेचा यू-डायस क्रमांक आणि शालार्थ क्रमांक एवढे असते. ते आणावेच. परंतु या विषयाच्या वर्गास आणखी एक सूचना असते व तिचाच अर्थ सर्वांत कमी समजून घेतला जातो : ‘आपल्या वर्गातील पाच मुलांच्या वह्या आणाव्यात.’ शिक्षक स्वाभाविकपणे सुवाच्य अक्षराच्या, बरोबर उत्तरांच्या वह्या निवडतो. पाहुण्यांसमोर वर्गाची लाज राखावी असे त्यास वाटते. येथे ती निवड निरुपयोगी ठरते.

एक उदाहरण घेऊ. तिसरीतील एका मुलाने ५२ उणे २७ याचे उत्तर ३५ लिहिले आहे. शिक्षकाने त्यावर लाल फुली मारून शेजारी २५ लिहून दिले. वर्गात ही वही उघडली की साधनव्यक्ती विचारतील, ३५ आले कोठून? मुलाने दशकात ५ मधून २ वजा केले, ते बरोबर. पण एककात २ मधून ७ जात नाहीत असे दिसताच उलट ७ मधून २ वजा केले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचे, असा एक नियम त्याने मनाशी बांधला आहे. तो निष्काळजी नाही, चुकीच्या नियमाशी प्रामाणिक आहे. त्याच वहीत ६३ उणे ४८ चे उत्तर २५ व ७१ उणे ३६ चे ४५ आढळले, तर शंका उरत नाही. मग त्याला पुन्हा पन्नास वजाबाक्या देऊन उपयोग नाही. त्याच्या हाती काड्यांचे दहादहाचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या देऊन सत्तावीस काढावयास सांगावे, म्हणजे एक गठ्ठा सोडल्यावाचून गत्यंतर नाही हे त्याचे त्यालाच दिसेल. हा सारा धडा त्या एका चुकलेल्या वहीत आहे. मात्र त्या मुलाने उत्तर खोडून पुसले असेल, तर तो नाहीसा होतो.

म्हणून पाच वह्या अशा निवडाव्यात : एक उतारा नीट वाचणाऱ्या मुलाची, दोन शब्दांपाशी थबकणाऱ्यांच्या व दोन अक्षरांतच अडलेल्यांच्या. वह्यांवरील नावे कागद चिकटवून झाकावीत व हजेरी क्रमांक ठेवावा, कारण त्या इतरांच्या हाती जातील. इ.स. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे व साधा हिशेब यावा असे उद्दिष्ट ठेवले. त्या उद्दिष्टाची चर्चा फलकावरील तक्त्यांपेक्षा या पाच वह्यांवरच अधिक चांगली होते.

वर्तनाविषयी थोडकेच. सकाळी सही करून दुपारी निघून जाण्याची चाल कोठे कोठे आहे. दुपारच्या सत्रात प्रत्यक्ष पाठ व गटकार्य असते, म्हणजे जाणारा नेमका उपयोगाचा भाग गमावतो आणि त्याच्या गटात चारजणांचे काम तिघांवर पडते. भ्रमणध्वनी शांत ठेवावा. हजेरी किंवा चाचणी त्यावरच घेतली जाणार असेल तर तो आदल्या रात्री भारित करून आणावा. साधनव्यक्ती वयाने आपल्याहून लहान असतील, तरी शंका विचारण्यात कमीपणा मानू नये. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्रशिक्षणात पाच दिवस मागच्या बाकावर गप्प बसून राहिलो आणि परत येऊन वर्गात तीच चूक करीत राहिलो. ती मला दाखविली एका तपासनिसांनी, आणि तीही मुलांसमोर.

शेवटच्या दिवशी उपस्थितीचे प्रमाणपत्र घेतल्यावाचून निघू नये. त्यावरील नाव, शाळा व तारखा तेथेच ताडून पाहाव्यात; पुढे दुरुस्तीसाठी पुन्हा अंबाजोगाईची वारी घडते. प्रवासाची तिकिटे एका पाकिटात ठेवावीत व देयकास आदेश, कार्यमुक्तीपत्र व प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडाव्यात. शाळेत परतताच हजर अहवाल द्यावा, धान्याचा साठा पुन्हा मोजून घ्यावा आणि सहकाऱ्याकडील यादी हजेरीशी पडताळावी. जी नावे गैरहजर दिसतील त्यांच्या घरी त्याच सायंकाळी जावे.