91, 69, 48: सळयांमधली फट आणि एससीसीचा हिशेब

एकाच कॉलमच्या एकाच बाजूवर दोन सळयांमधली मोकळी फट 91 मिमी असू शकते, 69 मिमी असू शकते आणि 48 मिमीही असू शकते. कॉलमचे माप बदललेले नाही आणि डिझाइनमधले लोखंडही तेवढेच आहे. बदलते ती फक्त लॅपची जागा. सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, म्हणजे एससीसी, यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत की नाही, हे या तीन आकड्यांवर ठरते.

आधी हे आकडे कुठून आले ते पाहू. कॉलम 500 बाय 500 मिमी, त्यात 32 मिमीच्या 12 सळया, म्हणजे प्रत्येक बाजूला चार. कव्हर 40 मिमी, रिंग 10 मिमीची. लोखंड 3.86 टक्के. आयएस 456 कॉलममध्ये 6 टक्क्यांपर्यंत लोखंड चालवते. पण लॅप असेल तिथे सहसा 4 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असेही सांगते. म्हणजे हा कॉलम नियमात बसतो. रिंगेच्या आत 400 मिमी रुंदी उरते, त्यातले 128 मिमी चार सळया घेतात आणि उरलेल्या 272 मिमीच्या तीन फटी होतात. एक फट 91 मिमीची.

आता लॅप. भूकंपरोधक तपशिलांचे आयएस 13920 सांगते की एका छेदात निम्म्यापेक्षा जास्त सळयांचे लॅप नकोत. हा नियम पाळला आणि जोडाच्या सळया त्याच ओळीत बसल्या, तर एका बाजूला चारऐवजी सहा सळया येतात; लॅपच्या सळया एकमेकींना टेकलेल्या असल्याने फटी तीनच राहतात आणि फट सरासरी 69 मिमी होते. साइटवर सोय म्हणून सगळ्या सळयांचे लॅप एकाच उंचीवर घेतले, तर आठ सळया येतात आणि फट 48 मिमीवर उतरते. त्या उंचीवर लोखंड 7.7 टक्के झालेले असते. ड्रॉइंगवर मात्र ते 3.86 टक्केच दिसते.

युरोपातली एससीसीची 2005ची मार्गदर्शक तत्त्वे फटीचे चार पट्टे करतात. फट 100 मिमीपेक्षा मोठी असेल, तर काँक्रीट सळयांमधून पार होण्याची वेगळी अट घालायची गरज नाही. पातळ स्लॅबमध्ये ही मर्यादा 80 मिमी आहे. 80 ते 100 मिमीसाठी सौम्य अट आहे आणि 60 ते 80 मिमीसाठी कडक. 60 मिमीच्या खाली प्रत्यक्ष आकाराचा नमुना ओतून पाहण्याची गरज पडू शकते, असे ती म्हणतात. आपला कॉलम लॅपच्या निवडीप्रमाणे यांतल्या खालच्या तीन पट्ट्यांत फिरतो. 91 मिमीला नीडल व्हायब्रेटर आणि बरा मिस्त्री पुरतो. 69 मिमीला एससीसीचा विचार सुरू होतो. 48 मिमीला एससीसीसुद्धा आपोआप उत्तर ठरत नाही.

कॉलमपेक्षा अवघड जागा म्हणजे बीम आणि कॉलमचा जोड. 300 मिमी रुंदीच्या बीममध्ये वरच्या बाजूला 25 मिमीच्या पाच सळया घ्या. कव्हर 30 मिमी आणि रिंग 8 मिमी वजा केल्यावर 224 मिमी उरतात. त्यातले 125 मिमी सळया घेतात आणि चार फटी प्रत्येकी जवळपास 25 मिमीच्या होतात. आयएस 456प्रमाणे ही किमान मर्यादा आहे: सळईचा व्यास किंवा खडीच्या कमाल मापात 5 मिमी मिळवून येणारा आकडा, यांतला मोठा. 20 मिमीच्या खडीला 25 मिमी. दुसऱ्या दिशेनेही तसाच बीम आला की जोडावर 25 बाय 25 मिमीची जाळी तयार होते.

या जाळीतून 20 मिमीची खडी जाऊ शकते, 40 मिमीची नीडल जाऊ शकत नाही. नियमातली किमान फट खडी बघून ठरलेली आहे, नीडल बघून नाही. त्याच कलमात नीडल बुडवायला पुरेशी जागा सोडण्याची अट येते, पण ती सळयांचे गट करून फट आणखी कमी करायची असेल तेव्हा. आपल्या उदाहरणात नीडलला वाट उरते ती कॉलमच्या चार कोपऱ्यांत, 56 मिमीची. त्यात 40 मिमीची नीडल घातली तर 16 मिमी शिल्लक राहतात. एक सळई 16 मिमी सरकली, किंवा मधली आडवी टाय त्या जागी आली, की तीही वाट बंद.

वाट बंद झाल्याची किंमत ताकदीत मोजता येते. काँक्रीटमध्ये 2 टक्के पोकळी राहिली तर ताकद 10 टक्क्यांहून जास्त घटते. 5 टक्के राहिली तर 30 टक्क्यांपर्यंत घट होते. चाचणीचा क्यूब मोकळ्या साच्यात नीट ठोकून भरलेला असतो, त्यामुळे ही घट क्यूबच्या निकालात दिसत नाही. हनीकोम्ब शटरिंग काढल्यावर दिसते, आणि तेही पृष्ठभागावर असेल तरच.

एससीसी ही अडचण रचनेतून सोडवते. दोन सळयांपाशी खडीचे तुकडे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि मागचा माल अडतो. म्हणून खडी कमी करायची: साध्या काँक्रीटमध्ये घनमीटरला 1,100 किलोच्या आसपास असणारी खडी एससीसीत 750 ते 1,000 किलोवर येते. रिकामी झालेली जागा बारीक भुकटीने, म्हणजे सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅशने भरायची; तिचे प्रमाण 380 ते 600 किलो. पाणी वाढवायचे नाही, प्रवाहीपणा सुपरप्लास्टिसायझर देतो. जास्तीचा खर्च या दोन ठिकाणी आहे, भुकटीत आणि रसायनात.

आता खर्च. खालचे दर उदाहरणापुरते धरले आहेत. वाचकाने आपल्या साइटचे दर घालून हाच हिशेब करावा. एससीसी घनमीटरमागे 1,000 रुपयांनी महाग आहे असे धरू. मजल्याची उंची 3 मीटर, म्हणजे एका कॉलमला 0.75 घनमीटर माल आणि 750 रुपये जास्त. मजल्यावर 20 कॉलम असतील तर 15 घनमीटर आणि 15,000 रुपये. हनीकोम्ब झालेला एक कॉलम फोडून, साफ करून, मायक्रोकाँक्रीटने भरून पुन्हा तपासण्याचा खर्च 6,000 रुपये धरू. 750 भागिले 6,000 म्हणजे 12.5 टक्के. आठात एक कॉलम दुरुस्तीला येत असेल, तर एससीसीचा जास्तीचा खर्च भरून निघतो. दुरुस्ती त्याहून कमी लागत असेल, तर नाही. फरक 1,500 रुपये असेल, तर ही सीमा 18.75 टक्क्यांवर, म्हणजे साधारण पाचात एक कॉलमवर जाते.

त्याच मजल्याच्या स्लॅब आणि बीमला 85 घनमीटर लागतात असे धरू. तिथे एससीसी वापरली तर 85,000 रुपये जास्त. ते भरून निघायला एका मजल्यावर 14 दुरुस्त्या वाचायला हव्यात. स्लॅबमध्ये 10 मिमीच्या सळया 150 मिमी अंतरावर असतात, फट 140 मिमीची. तिथे नीडल पोहोचते आणि 14 दुरुस्त्या होतच नाहीत. म्हणून सगळा मजला एससीसीत ओतणे आणि फक्त कॉलम व जोड एससीसीत ओतणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. आपल्या उदाहरणात पहिल्याचा खर्च 1,00,000 रुपये आहे, दुसऱ्याचा 15,000.

या हिशेबात शटरिंगचा खर्चही धरायला हवा. एससीसी पाण्यासारखी दाब देते असे मानूनच शटरिंगचे डिझाइन करावे लागते. 3 मीटर उंचीचा कॉलम एका दमात भरला तर तळाशी चौरस मीटरला सुमारे 7.5 टन दाब येतो. क्लॅम्प वाढतात आणि प्लेटच्या सांध्यातली फट बुजवावी लागते, नाहीतर स्लरी गळून तिथेच हनीकोम्ब होतो, म्हणजे जे टाळायला पैसे दिले तेच पदरात पडते.

मोठी बचत कुठून आली, ते जपानच्या आकड्यांत दिसते. एससीसीची कल्पना हाजिमे ओकामुरा यांनी 1986मध्ये मांडली आणि 1988मध्ये टोकियो विद्यापीठात तिचा पहिला नमुना तयार झाला. ओसाका गॅसच्या एलएनजी टाकीच्या भिंतीसाठी 12,000 घनमीटर एससीसी वापरली. ओतण्याचे टप्पे 14वरून 10वर आले, मजूर 150वरून 50वर आणि मुदत 22 महिन्यांवरून 18वर. आकाशी कैक्यो पुलाच्या अँकरेजची मुदत अडीच वर्षांवरून दोन वर्षांवर आली, म्हणजे 20 टक्के घट. दोन्हीकडे बचत वेळेत आणि मनुष्यबळात झाली, मालाच्या दरात नाही. ज्या साइटवर ओतण्याचे टप्पे आणि गँग आहे तशीच राहते, तिथे ही बचत धरू नये. दुरुस्तीचाच हिशेब करावा.

गाडी आल्यावर दोन चाचण्या पुरेशा बोलतात. पहिली स्लम्प फ्लो: दाट लोखंडासाठी पसरलेल्या वर्तुळाचा व्यास साधारण 660 ते 750 मिमी हवा. वर्तुळाच्या कडेला पाण्याचे कडे दिसले किंवा खडी मध्यभागी ढिगाने राहिली, तर माल फुटतो आहे. गाडी परत पाठवावी. दुसरी एल बॉक्स. तीन सळयांच्या खोक्यात, 41 मिमीच्या फटीतून माल सोडतात आणि दोन टोकांच्या उंचीचे गुणोत्तर किमान 0.80 हवे. स्लम्प फ्लो कमी भरला म्हणून ड्रममध्ये पाणी घातले, तर पहिला आकडा सुधारतो आणि दुसरा बिघडतो, कारण पातळ झालेला मसाला पुढे जातो आणि खडी सळयांपाशी थांबते. म्हणून एका चाचणीवर गाडी स्वीकारू नये.

एससीसीची ऑर्डर देण्याआधी एक उपाय तपासावा. सगळ्या सळयांचे लॅप एका उंचीवर घेतलेल्या कॉलममध्ये निम्मे लॅप दुसऱ्या उंचीवर हलवले, तर फट 48वरून 69 मिमी होते. त्यासाठी माल बदलावा लागत नाही. कपलर वापरले तर ती कपलरची थोडी उंची सोडून पुन्हा 91 मिमी होते. जोडावर मात्र असा मार्ग फारसा नसतो, कारण दोन्ही दिशांचे बीम तिथूनच जाणार असतात.

मग निर्णयाचा क्रम असा. बारबेंडिंगच्या ड्रॉइंगवर लॅप आणि जोड या दोन ठिकाणची मोकळी फट मोजा. 100 मिमीच्या वर एससीसी नको. 80 ते 100मध्ये नीडल पोहोचत असेल तर तिथेही एससीसी नको. 60 ते 80मध्ये दुरुस्तीचे प्रमाण आठात एक किंवा जास्त असेल, तर कॉलम आणि जोड एससीसीत ओता. 60च्या खाली आधी लोखंड हलवा; हलत नसेल तर एक कॉलम नमुना म्हणून ओता, कापून पाहा आणि मगच ऑर्डर द्या.