चूक शेजारच्या शब्दात असते

‘द फर्निचर्स इन धिस रूम आर ओल्ड’ असं वाक्य परीक्षेत आलं, तर बहुतेक उमेदवारांना चूक दिसते. ‘फर्निचर’ला ‘एस’ लागत नाही हे अभ्यास सुरू करताच पाठ झालेलं असतं. म्हणूनच कसलेला प्रश्नकर्ता असं वाक्य सहसा देत नाही. तो तो ‘एस’ काढून टाकतो, शब्द निर्दोष ठेवतो आणि चूक वाक्यात दुसरीकडे लपवतो. ‘एरर स्पॉटिंग’मध्ये नामांवरचे गुण जातात ते बहुधा इथे.

या प्रश्नाचा साचा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. एका वाक्याचे तीन किंवा चार तुकडे केलेले असतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते सांगायचं असतं. बऱ्याचदा ‘नो एरर’ हाही पर्याय असतो. हे वाक्य पाहा:

‘द फर्निचर विच माय अंकल बॉट / फॉर हिज टू शॉप्स / हॅव नॉट बीन डिलिव्हर्ड / नो एरर.’

घाईत वाचलं तर खटकण्यासारखं काही नाही. ‘फर्निचर’ एकवचनीच लिहिलं आहे, ‘शॉप्स’ अनेकवचनी आहे आणि त्याला लागूनच ‘हॅव’ येतं, म्हणून कान ते मान्य करतो. पण पोहोचली नाहीत ती दुकानं नव्हेत. मधला ‘विच’पासून ‘शॉप्स’पर्यंतचा भाग बोटाने झाका. उरतं ‘द फर्निचर हॅव नॉट बीन डिलिव्हर्ड’. आता चूक लपत नाही: तिथे ‘हॅज’ हवं, म्हणजे उत्तर तिसरा तुकडा. क्रियापदाच्या अगदी जवळ अनेकवचनी नाम आणून ठेवायचं आणि खरा कर्ता दूर सारायचा, ही या प्रश्नांतली फार जुनी चाल आहे. ‘इन्फर्मेशन’वरही ती तशीच चालते: ‘द इन्फर्मेशन अबाउट द कँडिडेट्स वेअर इनकम्प्लीट.’ इथे ‘वॉज’ हवं.

तेव्हा असं नाम दिसलं की त्याचं शेपूट तपासून थांबू नये. त्याच्या पुढचा शब्द, त्याचं क्रियापद आणि त्याच्याऐवजी नंतर आलेलं सर्वनाम, या तिन्ही जागा पाहाव्यात. ‘हर टीचर गेव्ह हर अ व्हेरी युजफुल अ‍ॅडव्हाइस’ या वाक्यात चूक ‘अ’ची आहे. मध्ये दोन शब्द आल्यामुळे ‘अ’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ यांचा संबंध डोळ्यांना जाणवत नाही. ‘अ’ काढा किंवा ‘अ पीस ऑफ’ घाला, वाक्य शुद्ध होतं. ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘सेव्हरल’, ‘दीज’, ‘अ नंबर ऑफ’ हे शब्दही अशा नामापुढे चालत नाहीत. त्यांच्या जागी ‘मच’, ‘लिटल’, ‘सम’, ‘धिस’ लागतात. सर्वनामाची चूक सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण ती वाक्याच्या अखेरीस असते: ‘शी कलेक्टेड ऑल द इन्फर्मेशन अँड सेंट देम टू द ऑफिस.’ ‘देम’ नव्हे, ‘इट’.

याच्या उलट बाजूचाही एक सापळा आहे. ‘टू पीसेस ऑफ फर्निचर वॉज डॅमेज्ड’ हे वाचताना ‘फर्निचर तर एकवचनी’ असं म्हणून उमेदवार पुढे सरकतो. पण इथे मोजणी ‘पीसेस’ची झाली आहे आणि क्रियापद त्याच्याच मागे जातं, म्हणून ‘वेअर’ हवं. एकदा मोजायला माप दिलं की मग वचन त्या मापाचं.

मराठी माणसाचा गोंधळ कुठे होतो तेही पाहण्यासारखं आहे. ‘माहिती’ आपणही मोजत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’शी आपलं तसं जमतं. पण आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो, पुरावे गोळा करतो आणि आपले केस पांढरे होतात. ही सगळी अनेकवचनं आपल्या जिभेवर इतकी पक्की असतात की ‘अ‍ॅडव्हायसेस’, ‘एव्हिडन्सेस’, ‘हिज हेअर्स आर ग्रे’ हे सहज लिहून होतं. शिवाय दुकानांच्या पाट्यांवर ‘फर्निचर्स’ आणि ‘इक्विपमेंट्स’ सर्रास दिसतात, त्यामुळे डोळाही सरावतो.

अशा शब्दांच्या लांबलचक याद्या घोकण्यापेक्षा त्यांच्या जोड्या लावणं मला अधिक उपयोगाचं वाटतं. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी एक शब्द समूहाचा असतो आणि दुसरा त्यातल्या सुट्या वस्तूचा. फर्निचर मोजत नाहीत, चेअर मोजतात. लगेज नाही, बॅग. ज्वेलरी नाही, नेकलेस. मशिनरी नाही, मशीन. पोएट्री नाही, पोएम. सीनरी नाही, सीन. जोडी डोक्यात असली की ‘मेनी सीनरीज’ वाचताक्षणी खटकतं आणि दुरुस्तीही सुचते.

अनियमित अनेकवचनांत खेळ उलटा होतो. इथे ‘एस’ नसतो, तरी शब्द अनेकवचनी असतो. सर्वांत जास्त फसवतो तो ‘क्रायटेरिया’. रोजच्या बोलण्यात ‘एलिजिबिलिटी क्रायटेरिया काय आहे’ असं आपण एकवचनात विचारतो, म्हणून ‘द ओन्ली क्रायटेरिया फॉर सिलेक्शन इज मेरिट’ हे बरोबर वाटतं. पण ग्रीकमधून आलेल्या या शब्दाचं एकवचन ‘क्रायटेरियन’ आहे आणि एकच निकष असेल तर तेच हवं. ‘फिनॉमिनन’चं ‘फिनॉमिना’ होतं ते याच धर्तीवर. लॅटिनमधून आलेल्या ‘बॅक्टेरियम’चं अनेकवचन ‘बॅक्टेरिया’, म्हणून ‘अ बॅक्टेरिया’ चूक. ‘कॅटल’ आणि ‘पोलीस’ यांना ‘एस’ नाही, तरी त्यांना ‘आर’ लागतं. ‘न्यूज’ आणि ‘मीझल्स’ यांच्या शेवटी ‘एस’ असूनही ‘इज’ लागतं. ‘सिरीज’, ‘स्पीशीज’, ‘एअरक्राफ्ट’ हे शब्द दोन्ही वचनांत सारखेच राहतात, त्यामुळे वचन कळतं ते फक्त शेजाऱ्यांवरून: ‘धिस एअरक्राफ्ट इज’ आणि ‘दीज एअरक्राफ्ट आर’ दोन्ही शुद्ध, ‘एअरक्राफ्ट्स’ मात्र नाही. जोडशब्दांत ‘एस’ मुख्य नामाला लागतो, म्हणून ‘ब्रदर्स-इन-लॉ’ आणि ‘पासर्स-बाय’.

नियमाला जिथे हद्द आहे तिथे उतावळेपणाने गुण जातात. केस एकेक करून मोजायचे असतील तर ‘टू ग्रे हेअर्स’ शुद्ध आहे. ‘वर्क’ म्हणजे श्रम असेल तर मोजत नाहीत, पण लेखकाच्या साहित्यकृतींना ‘वर्क्स’ म्हणतात. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणजे कामाचा अनुभव असेल तर एकवचन, आयुष्यात आलेले वेगवेगळे अनुभव असतील तर ‘एक्स्पीरियन्सेस’. तेव्हा ‘एस’ दिसला म्हणून लगेच खूण करू नये. वाक्यात अर्थ कोणता आहे ते आधी बघावं. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. म्हणजे नसलेली चूक शोधणंही महागात पडतं.

‘डेटा’चं प्रकरण वेगळं. मुळात हे ‘डेटम’चं अनेकवचन, पण आज ‘डेटा इज’ आणि ‘डेटा आर’ ही दोन्ही रूपं प्रतिष्ठित लेखनात चालतात आणि शब्दकोशांनीही ती मान्य केली आहेत. म्हणून ‘डेटा इज’ दिसलं की पेन्सिल टेकवू नका. उरलेल्या तुकड्यांत एखादी निर्विवाद चूक आहे का ते पाहा. असेल तर तेच उत्तर द्या.