राणीची सहावी कड

बुद्धिबळाचा पट आधी मांडावा लागतो. हाइव्ह या खेळाला पटच नाही. टेबलावर षटकोनी सोंगट्या एकमेकींना चिकटवत जायच्या आणि जो आकार तयार होईल, तोच पट. ब्रिटनच्या जॉन यिआनी यांचा हा खेळ २००१ मध्ये बाजारात आला. प्रत्येक खेळाडूकडे ११ सोंगट्या असतात: एक राणीमाशी, तीन मुंगळे, तीन नाकतोडे, दोन भुंगे आणि दोन कोळी. (कोळी हा कीटक नव्हे, पण खेळाने ते मनावर घेतलेले नाही.) समोरच्याच्या राणीच्या सहाही कडा भरल्या की डाव संपला.

या सहा कडा कोणाच्या सोंगट्यांनी भरल्या, हे पाहिलं जात नाही. काळ्या राणीभोवती चार काळ्या आणि दोन पांढऱ्या सोंगट्या असल्या, तरी काळा हरलाच. राणीच्या रक्षणासाठी भोवती आपली माणसं उभी करायची ही बुद्धिबळातली सवय इथे अंगाशी येते, कारण इथे प्रत्येक रक्षक म्हणजे वेढ्याची एक वीट.

चाली थोडक्यात सांगतो. आपल्या पाळीला नवी सोंगटी ठेवायची किंवा आधीची हलवायची. नवी सोंगटी फक्त आपल्याच रंगाला चिकटून ठेवता येते, शत्रूच्या रंगाला तिने स्पर्श करायचा नाही. याला अपवाद दोन्ही खेळाडूंच्या पहिल्या सोंगटीचा. राणी चौथ्या पाळीपर्यंत उतरवावीच लागते आणि ती उतरेपर्यंत आपलं काहीच हलत नाही. राणी एक घर सरकते. कोळी बरोबर तीन घरं चालतो, कमीही नाही, जास्तही नाही. मुंगळा पोळ्याच्या कडेकडेने हवा तितका फिरतो. नाकतोडा सरळ रेषेत, मधल्या सोंगट्यांवरून उडी मारून पहिल्या रिकाम्या घरात पडतो. भुंगा एकच घर जातो, पण दुसऱ्या सोंगटीच्या डोक्यावर चढू शकतो, आणि तो वर असेपर्यंत खालची सोंगटी हलत नाही.

या सगळ्यांच्या वर दोन नियम आहेत आणि खरा खेळ त्यांच्यातच आहे. पहिला असा की पोळं कधीही तुटता कामा नये. जी सोंगटी उचलल्यावर पोळ्याचे दोन तुकडे होतात, ती उचलताच येत नाही. त्यामुळे तुमचा मुंगळा फिरत जाऊन शत्रूच्या टोकाच्या सोंगटीला, फक्त तिलाच, चिकटून बसला, की ती सोंगटी जखडली. ती हलली तर तुमचा मुंगळा एकटा पडेल आणि ते नियमात बसत नाही. मुंगळा मात्र मोकळाच राहतो, वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो. शत्रूच्या राणीला चिकटलेली त्याचीच सोंगटी अशी जखडली, तर वेढ्याची एक कड तुम्ही त्याच्याच खर्चाने भरलीत.

दुसरा नियम सरकण्याचा. सोंगटी टेबलावरून सरकवत नेता आली पाहिजे. वाट इतकी अरुंद असेल की दोन्ही बाजूंच्या सोंगट्या अडवतात, तर त्या घरात जाता येत नाही. उडी मारणारा नाकतोडा आणि वरून चढणारा-उतरणारा भुंगा यांना तो अडथळा नाही. हिशेब सोपा आहे: ज्या घराच्या पाच कडांना सोंगट्या आहेत, त्यात सरकून शिरता येत नाही आणि त्यातून सरकून बाहेरही पडता येत नाही. म्हणजे राणीच्या पाच कडा भरल्या की तिचा पळण्याचा मार्ग संपला. सहावी कड भरायला वेळ लागेल, पण ती आता कुठे जात नाही.

नवखा खेळाडू इथेच खूश होतो आणि डाव घालवतो. उदाहरण घ्या. काळी राणी मधोमध आहे आणि तिच्या सहा कडांना घड्याळाचे आकडे देऊ. १२ आणि २ वर पांढऱ्याचे कोळी, ६ वर पांढऱ्याचा मुंगळा, ८ आणि १० वर काळ्याच्याच जखडलेल्या सोंगट्या. उरलं फक्त ४ चं घर. पांढऱ्याकडे आणखी एक मोकळा मुंगळा आहे. एका चालीत विजय, असं वाटतं. पण काळ्याने त्या घराच्या बाहेरच्या अंगाला, मुंगळ्याजवळून सुरू करून, आपल्या दोन सोंगट्या लावून ठेवल्या आहेत. आता ४ च्या घराच्या कडा मोजा: राणी, २ वरचा कोळी, ६ वरचा मुंगळा आणि बाहेरच्या दोन. पाच झाल्या. सहावी उघडी आहे, पण तिथून मुंगळा आत शिरू शकत नाही. नवी सोंगटीही थेट ठेवता येत नाही, कारण ते घर काळ्या राणीला लागून आहे.

यावर उपाय नाकतोड्याचा. १२ आणि २ वरच्या दोन पांढऱ्या कोळ्यांच्या मधे, बाहेरून, एक खाच आहे. तिथे फक्त पांढऱ्याचाच स्पर्श होतो, म्हणून नवा नाकतोडा तिथे ठेवता येतो. तिथून सरळ खाली २ वरच्या कोळ्यावरून उडी मारली की तो नेमका ४ च्या घरात पडतो. उडी पुढच्या पाळीला मारायची. पण मधे काळ्याची एक पाळी आहे, आणि त्याचा एखादा मुंगळा मोकळा असेल, तर तो येऊन बाहेरच्या बाजूने फक्त या नाकतोड्याला चिकटेल. नाकतोडा जखडला, उडी गेली. वेढा घालणाऱ्यावर त्याचंच हत्यार उलटलं.

म्हणून जाणते खेळाडू उलट क्रमाने चालतात. आधी शत्रूचे मोकळे मुंगळे जखडायचे, मग नाकतोडा उडीच्या रेषेत आणून ठेवायचा आणि मुंगळ्यांनी राणीच्या कडा शेवटी भरायच्या. मुंगळे लांबून धावून येतात, त्यांना घाई नसते. नाकतोड्याला रेषा हवी, आणि ती आधी राखून ठेवावी लागते. भुंगा हळू आहे, एकेक घर करत येतो, पण तो शत्रूच्या राणीवरच चढला तर दुहेरी फायदा. राणी दबते, आणि त्या घराचा वरचा रंग भुंग्याचा असल्याने तिच्या शेजारच्या घरात नवी सोंगटी सरळ ठेवता येते. अर्थात त्या घराला दुसरीकडून शत्रूचा रंग लागत नसला तर.

दरम्यान आपल्या राणीकडे लक्ष कसं ठेवायचं? तिला दोन तुकडे जोडणारा दुवा होऊ देऊ नका. दुवा झाली की पहिल्या नियमाने ती बांधली जाते आणि पाच कडा भरण्याची वाटही पाहावी लागत नाही. हल्ल्यासाठी सोंगटी काढताना आपल्या राणीजवळची मोकळी सोंगटी आधी उचलावी. एका चालीत तिकडची एक कड भरते आणि इकडची एक रिकामी होते. दोघांच्या कडा मोजत राहिलात तर फरक एकदम दोनचा पडतो. शेवटच्या चालीने दोन्ही राण्या एकदम वेढल्या गेल्या तर डाव बरोबरीत सुटतो. हरणाऱ्या डावात तो आधार असतो.

डास, लेडीबग आणि पिलबग या नंतर आलेल्या सोंगट्या पेटीत असल्या तरी सुरुवातीला बाजूला ठेवा. पिलबग शेजारची सोंगटी उचलून दुसरीकडे टाकतो, आणि मग वर सांगितलेला अर्धा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पेटी नसेल तर जाड पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे २२ षटकोन कापा आणि त्यावर नावं लिहा. भुंगा वर चढवायला पुठ्ठा तेवढा घट्ट हवा.