बिल्डर सही करत नाही, म्हणून कन्व्हेयन्स अडत नाही

पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला, की कोणीतरी मिळकत पत्रिका काढून आणतो. धारकाच्या रकान्यात अजून मूळ जमीनमालकाचंच नाव असतं. ‘आपण तर फ्लॅटचे पूर्ण पैसे भरले, स्टॅम्प ड्यूटी भरली, सोसायटीही रजिस्टर आहे,’ असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण त्यातून सभासदाला मिळाला तो फ्लॅट. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासाठी अभिहस्तांतरणाचा वेगळा नोंदणीकृत दस्त लागतो. मोफा, म्हणजे 1963 च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यानुसार तो करून देणं बिल्डरची जबाबदारी आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. तो न केल्याबद्दल शिक्षेची तरतूदही कायद्यात आहे. तरी हजारो सोसायट्या रखडल्या, म्हणून 2008 मध्ये कलम 11 मध्ये दुरुस्ती झाली आणि बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवण्याची वाट निघाली. तिलाच मानीव अभिहस्तांतरण, बोलीभाषेत डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात.

‘बिल्डर सापडत नाही, कंपनी बंद पडली, मग अर्ज कोणाविरुद्ध करणार?’

ही तरतूद मुळात अशाच प्रसंगासाठी आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होतो. या कामापुरते ते सक्षम प्राधिकारी असतात. ते बिल्डरला नोटीस काढतात. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोटीस पोचत नसेल, तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. समोरचा आला तर त्याचं ऐकतात, नाही आला तर त्याच्याविना पुढे जातात. बिल्डर वारला असेल तर त्याचे वारस पक्षकार होतात.

अर्ज अडतो तो भलतीकडे. अनेक बिल्डरांनी जमीन कधी विकत घेतलेलीच नसते. विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या बळावर त्यांनी इमारत उभी करून फ्लॅट विकलेले असतात, आणि सातबाऱ्यावर मूळ मालकाची चार भावंडं तशीच राहिलेली असतात. सोसायटीने एकट्या बिल्डरला प्रतिवादी केलं, की सुनावणीत जमीनमालकाचे वकील उभे राहतात आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. तेव्हा अर्जाआधी ताजी मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून त्यावरचं प्रत्येक नाव पक्षकारांच्या यादीत आहे का, हे एकदा नीट पाहावं. वकिलाची फी देण्याआधी करण्याचं हे काम आहे.

‘ओसी नाही, म्हणजे आपला अर्जच बसत नाही.’

हे बिल्डरही सांगतात आणि सोसायट्याही मानून बसतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळवणं हेही बिल्डरचंच काम. ते त्याने केलं नाही, म्हणून जमिनीचा दस्तही त्याने करू नये, हे विचित्रच झालं असतं. 2018 च्या शासन निर्णयानंतर ओसी नसलेल्या सोसायटीलाही स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. अर्थात कन्व्हेयन्स झालं म्हणून बेकायदा मजला कायदेशीर होत नाही. ओसीचा प्रश्न महापालिकेकडे तसाच उभा राहतो.

‘अर्ज केला की पूर्ण प्लॉट आपला.’

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि इथे सोसायट्याही धुतल्या तांदळाच्या नसतात. सक्षम प्राधिकारी सोसायटीला नवा हक्क देत नाही. बिल्डरने फ्लॅटच्या करारात जे द्यायचं कबूल केलं, तेवढंच तो त्याच्या वतीने देतो. त्यामुळे करारातलं मालमत्तेचं वर्णन आणि मंजूर नकाशा, या दोन कागदांवर सगळा खेळ चालतो.

समजा, पाच हजार चौरस मीटरचा एक लेआउट आहे. त्यात तीन इमारती मंजूर आहेत: ‘अ’ दोन हजार चौरस मीटर बांधकामाची, ‘ब’ तेवढीच, आणि ‘क’ चार हजारांची. ‘क’ कधी उठलीच नाही. ‘अ’ची सोसायटी म्हणते, झालेल्या चार हजारांपैकी निम्मं बांधकाम आमचं, तेव्हा निम्मी जमीन, अडीच हजार चौरस मीटर आमची. बिल्डर म्हणतो, लेआउट पुरा होईपर्यंत कोणालाच काही नाही.

दोघांचंही चुकतं. ‘अ’च्या सभासदांनी सही केलेल्या करारात तिन्ही इमारतींचा नकाशा जोडलेला असेल, तर मंजूर आठ हजारांपैकी त्यांचा वाटा चौथाई. म्हणजे साडेबाराशे चौरस मीटर, आणि त्यासोबत अंतर्गत रस्ता व मोकळ्या जागेतला अविभक्त हिस्सा. ‘क’ कधी होईल याची वाट पाहण्याचं कारण नाही. पण ‘क’ दाखवलेली नसेल आणि बिल्डरने ती नंतर नकाशात घुसवली असेल, तर हिशेब बदलतो आणि सोसायटीची बाजू भक्कम होते. आर्किटेक्टचं क्षेत्रफळाचं प्रमाणपत्र मागवताना त्याच्या हाती जुना करार आणि त्या तारखेचा मंजूर नकाशा द्यावा. नुसता आजचा नकाशा दिला, तर तो आजचाच हिशेब लिहून देईल.

प्राधिकारी नवा हक्क देत नाही, याच कारणाने त्याचा आदेश मालकीचा अंतिम निवाडा ठरत नाही. ही चौकशी संक्षिप्त असते. जमिनीवर आपला स्वतंत्र हक्क आहे असं म्हणणाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा दरवाजा उघडाच राहतो. एव्हॉन आर्केड प्रिमायसेस सोसायटीच्या प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. उलट बाजूने, मालकीचा वाद आहे एवढं म्हणून अर्ज थांबवून ठेवता येत नाही.

‘पुन्हा सगळी स्टॅम्प ड्यूटी भरावी लागणार.’

सभासदांनी आपापल्या करारांवर योग्य मुद्रांक शुल्क भरलेलं असेल, तर ते अभिहस्तांतरणाच्या शुल्कात वळतं होतं आणि दस्तावर नाममात्र रक्कम उरते. म्हणून प्रत्येक फ्लॅटची सूची क्रमांक दोन गोळा करावी लागते. ज्यांचे करार नोंदलेलेच नाहीत किंवा कमी शुल्काचे आहेत, त्यांचा फरक मात्र निघतो. सोसायटीला तो भरून त्या सभासदाकडून वसूल करावा लागतो. दहा-वीस फ्लॅटच्या सोसायटीत असे दोघे-तिघे निघतातच, आणि अर्जाला सगळ्यात जास्त उशीर त्यांचे कागद शोधण्यात होतो.

‘आदेश आला, पेढे वाटा.’

प्राधिकाऱ्याने सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्तही वेळ लागतो, त्यामुळे आदेश हाती आला की कमिटी निःश्वास सोडते. पण आदेशासोबत मिळतं ते प्रमाणपत्र म्हणजे अजून कन्व्हेयन्स नव्हे. एकतर्फी दस्त नोंदवायला हे प्रकरण योग्य आहे, एवढंच ते सांगतं. पुढे दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी जातो. मग दुय्यम निबंधक बिल्डरला आणखी एकदा नोटीस काढून, दस्त का नोंदवू नये हे विचारतात, आणि त्यानंतर नोंदणी होते. नोंदणी झाल्यावरही मिळकत पत्रिका आपोआप बदलेल असं धरून चालू नये. नोंदलेला दस्त जोडून नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज द्यावा लागतो. कमिटी बदलली की ही शेवटची पायरी विसरली जाते, आणि दस्त कपाटात असूनही पत्रिकेवर जुनं नाव तसंच राहतं. जागा सिडको किंवा म्हाडाच्या भाडेपट्ट्याची असेल, तर हस्तांतर होतं ते भाडेपट्ट्याच्या हक्काचं. तिथे पट्टा देणाऱ्या संस्थेच्या अटी आणि परवानगी यांची चौकशी अर्जाच्या आधीच करून ठेवावी.